ऑडिटचे तास, माणसं आणि फी: कोकणातल्या सीए कार्यालयांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात ऑडिट करणाऱ्या लहान कार्यालयांना दर सप्टेंबरला तेच प्रश्न पडतात. खालची उत्तरं एका कार्यालयाच्या अनुभवातून आली आहेत: दोन भागीदार, एक नोकरीवरचा सीए, चार आर्टिकल. उदाहरण म्हणून एकच अशील घेतला आहे, काजू सोलाई आणि आंबा पल्पचा कारखाना चालवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. आकडे आमच्या २०२४-२५ च्या ऑडिटचे आहेत.

वेळेचं बजेट करायला कुठून सुरुवात करायची?

शेवटच्या तारखेपासून मागे. आणि ही शेवटची तारीख ३० सप्टेंबर नसते, हे आधी मान्य करावं लागतं.

कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभेची नोटीस पूर्ण एकवीस दिवस आधी जायला हवी आणि तिच्यासोबत ऑडिट झालेला ताळेबंद लागतो. सभा ३० तारखेला धरली तर नोटीस ८ सप्टेंबरला निघालीच पाहिजे. घरच्या माणसांच्या कंपनीत सभासदांची संमती घेऊन नोटिशीची मुदत कमी करता येते. पण ती सोय अडचणीच्या वेळेसाठी ठेवावी, तिच्या भरवशावर नियोजन करू नये. म्हणजे सहीची खरी तारीख सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडते.

आता त्यातून गणपती वजा करा. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, म्हणजे सही व्हायच्या नेमक्या दिवसांत अशिलाचा हिशेबनीस घरच्या गणपतीत होता आणि आमचे आर्टिकलही. यंदा, २०२६ मध्ये, चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. कंपन्यांच्या सह्या त्याआधी होऊ शकतात. मात्र नुसत्या टॅक्स ऑडिटच्या फाइली ८ ते ३० सप्टेंबरच्या टप्प्यात येतात आणि गणपती त्यांच्या मधोमध. दीड दिवसाचा असो, पाच, सात किंवा अकरा, आमच्याकडे घर उघडण्यापासून विसर्जनानंतर आवरण्यापर्यंत माणूस कामाला मिळत नाही, आणि मिळावा अशी अपेक्षाही करू नये. म्हणून दरवर्षी जानेवारीत पंचांग उघडून पहिली खूण चतुर्थीवर करा. मुंबईच्या कार्यालयाचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही, त्याचं मोठं कारण हेच.

मग काम सुरू कधी करायचं? अशील तर आंब्यात असतो.

अशिलाच्या हंगामाला धरून तीन भेटी ठरवा.

पहिली भेट जानेवारीच्या अखेरीस. एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांची विक्री, खरेदी, पगार आणि जीएसटीचा ताळमेळ तेव्हाच तपासून होतो. दुसरी ३१ मार्चला, फक्त साठा मोजणीसाठी. काजू बीची खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये जोर धरते, त्यामुळे वर्षअखेरीला गोदाम भरत चाललेलं असतं. तो दिवस हुकला तर पुढे तासच्या तास जातात. तिसरी आणि मुख्य भेट जूनच्या शेवटी. एप्रिल-मेमध्ये हिशेबनीस बागायतदारांची पेमेंट करत असतो, कॅनिंग जूनपर्यंत चालतं. "हापूस आटपू दे साहेब, मग निवांत बसू," असं तो म्हणतो तेव्हा तो टाळाटाळ करत नसतो. पाऊस सुरू झाला, कारखाना थंडावला, की जुलैचे चार आठवडे ऑडिटला सगळ्यात चांगले. तेच चार आठवडे दुसरीकडे खर्ची पडले की सप्टेंबर अंगावर आला म्हणून समजा.

तास ठरवायचे कसे? मागच्या वर्षीचे तास अधिक दहा टक्के असं चालतं का?

नाही. मागच्या वर्षीचा आकडा खरा असेलच असं नाही, याबद्दल पुढे लिहिलं आहे. शिवाय एकूण आकड्यावरून काहीच शिकता येत नाही. तास कामाच्या भागानुसार मांडावे लागतात आणि प्रत्येक भागाला धोक्याप्रमाणे वजन द्यावं लागतं.

आमच्या अशिलाचं बजेट १८० तासांचं होतं. खरेदी आणि देणेकऱ्यांना २८, विक्री आणि येणेकऱ्यांना २४, टॅक्स ऑडिट व जीएसटीला २४, साठ्याला २२. बँक आणि कर्ज, पगार, यंत्रसामग्री मिळून ३८. नियोजनाला १२, कारो अहवाल आणि ताळेबंदाच्या तपासणीला १६, भागीदाराचं परीक्षण आणि शेवटची आवराआवर १६.

बहुतेक लहान कार्यालयांत हे वजन उलटं पडतं. नवा आर्टिकल खर्चाच्या व्हाउचरच्या फाइली घेऊन बसतो, कारण ते काम समोर दिसतं आणि लगेच सुरू करता येतं. प्रवासखर्चाची दोनशे व्हाउचर तपासली जातात आणि गोदामातल्या काजूची किंमत अर्ध्या तासात उरकली जाते. या कंपनीत चूक लपली असेल तर ती साठ्यात किंवा कच्च्या बीच्या खरेदीत असणार. शंभर किलो बीतून साधारण पाव हिस्सा काजूगर निघतो. वर्षभराची बी, निघालेले गर आणि शिल्लक यांचा उतारा मांडून पाहायला दोन तास लागतात, आणि त्या दोन तासांत जे कळतं ते व्हाउचरच्या ढिगाऱ्यातून दोन दिवसांतही कळत नाही. आधी महत्त्वपातळी ठरवा, मग तास वाटा.

बजेट नेमकं कुठे चुकतं?

नव्या नियमांत. प्रत्येक नियम कागदावर एका ओळीचा दिसतो, म्हणून त्याला तास धरले जात नाहीत.

तीन उदाहरणं देतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद, म्हणजे एडिट लॉग, वर्षभर चालू होती का हे अहवालात सांगावं लागतं. त्यासाठी सॉफ्टवेअर उघडून नमुन्याच्या नोंदी बदलून पाहाव्या लागतात. दुसरं, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मुदतीत पैसे दिले नाहीत तर कलम ४३बी(एच) प्रमाणे तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. डबे आणि खोके पुरवणारे बहुतेक असेच छोटे कारखानदार. त्यांची उद्यम नोंदणी गोळा करायची, त्यातले व्यापारी वेगळे काढायचे, प्रत्येक बिलाचे दिवस मोजायचे. आम्ही या कामाला एक तास धरला होता, लागले नऊ. तिसरं, खेळत्या भांडवलाची मंजुरी पाच कोटींच्या वर असेल तर बँकेला दर तिमाहीला दिलेली पत्रकं हिशेबाशी जुळतात का, हे कारोमध्ये लिहावं लागतं. ती पत्रकं हिशेबनिसाने अंदाजाने भरलेली असली तर चारही तिमाह्या उकलत बसावं लागतं.

माणसं पुरेशी आहेत की नाहीत, हे आधी कसं कळणार?

मागणीचे तास आणि उपलब्ध तास एकाच कागदावर मांडा. आठ तासांच्या दिवसातले सहाच तास कामाचे धरा. फोन, प्रवास आणि पावसाळ्यात जाणारी वीज यांत बाकीचे जातात.

यंदा जुलै-ऑगस्टमध्ये रविवार आणि १५ ऑगस्ट सोडून ५२ दिवस मिळतात. म्हणजे माणशी ३१२ तास. चार आर्टिकलचे १,२४८ होतील असं वाटतं. पण आमच्यातले दोघे सप्टेंबरच्या परीक्षेला बसणार आहेत. पूर्वी इंटर आणि फायनल वर्षातून दोनदा होत असे. आता परीक्षा तीनदा होते आणि त्यातली एक सप्टेंबरमध्ये, ऐन हंगामात. ते दोघे जुलैच्या मध्यापासून अभ्यासाच्या रजेवर जातील. त्यांचे प्रत्येकी जेमतेम ७५ तास हाती येतील. एकूण झाले ७७४. त्या दोन महिन्यांत आर्टिकलांकडे येणारं काम आम्ही १,१५० तासांचं मोजलं होतं. ३७६ तासांची तूट फेब्रुवारीत दिसली, म्हणून काही करता आलं.

तीन गोष्टी केल्या. चार अशिलांचं नऊ महिन्यांचं काम फेब्रुवारीतच उरकलं, त्यातून १५० तास वाचतील. कॉमर्स झालेली एक अनुभवी सहायक जुलै-ऑगस्टपुरती घेतली, तिचे सुमारे १८० तास मिळतील. उरलेल्या ४६ तासांसाठी एका लांबच्या अशिलाला एप्रिलमध्येच सांगितलं की यंदा त्यांचं टॅक्स ऑडिट आम्हाला जमणार नाही. नाही म्हणणं जड गेलं, जुनं घर होतं. पण हेच सप्टेंबरमध्ये सांगणं हा त्यांच्यावर अन्याय झाला असता.

आर्टिकलची रजा मात्र कधीही कापू नका. परीक्षा हेच त्यांच्या इथे येण्याचं कारण आहे.

आर्टिकल टाइमशीटमध्ये कमी तास लिहितात. त्याने काय बिघडतं? फी तर ठरलेलीच असते.

पुढच्या वर्षीचं बजेट बिघडतं, आणि त्याच्या पुढचंही.

एका आर्टिकलला मी विचारलं होतं, देणेकऱ्यांचं काम खरंच आठ तासांत झालं का? तो म्हणाला, "सर, बजेट आठचं होतं, जास्त लिहिलं तर मला येत नाही असं वाटेल." उरलेले सहा तास त्याने घरी बसून केले होते. त्या वर्षी आम्ही पुढचं बजेट आठ तासांवरच ठेवलं असतं. पुढचा मुलगा तितक्या वेळात काम बसवण्यासाठी नमुने कमी घेईल किंवा न तपासता खूण करेल. खोट्या टाइमशीटचा शेवट न झालेल्या तपासणीत होतो.

म्हणून आमच्याकडे नियम आहे: जास्त तास लिहिल्याबद्दल कुणाला विचारणा होणार नाही, कारण न लिहिल्याबद्दल होईल. टाइमशीट रोज संध्याकाळी भरायची आणि प्रत्येक जादा तासापुढे तीनांपैकी एक अक्षर लिहायचं. 'अ' म्हणजे अशिलाकडून तयारी नव्हती. 'आ' म्हणजे आपली चूक किंवा शिकण्याचा वेळ. 'क' म्हणजे कामच वाढलं, नवा नियम किंवा नवा धोका आला. आठवड्याने आठवून भरलेली टाइमशीट उपयोगाची नसते.

तास ओलांडले. आता नुकसान कुणाचं, हे कसं ठरवायचं?

आमच्या अशिलाचे १८० चे २४६ झाले. जादा ६६ तास तीन अक्षरांत विभागले तेव्हा चित्र स्पष्ट झालं.

'अ' खाली ३८ तास. त्यातले २० कच्च्या बीच्या खरेदीवर गेले. कारखाना शेतकऱ्यांकडून रोखीने बी घेतो. एका दिवसात एका माणसाला दहा हजारांवर रोख दिली तर खर्च नामंजूर होतो, पण शेतकऱ्याला त्याच्याच मालाचे पैसे दिले असतील तर सूट आहे. त्यासाठी घेणारा खरोखर बागायतदार आहे, मधला व्यापारी नाही, हे दाखवावं लागतं. पावत्यांवर नाव होतं, गाव नव्हतं, सात-बारा तर दूरच. आणखी ८ तास कुठल्या टप्प्यावर किती माल आहे याच्या नोंदी नसल्याने गेले, १० बँकेच्या तिमाही पत्रकांवर.

'क' खाली ८ तास, लघुउद्योगांच्या बिलांचे. आणि 'आ' खाली २०. त्यातले ६ साठ्याचे. ३१ मार्चला मी नव्या आर्टिकलला एकटीला मोजणीला पाठवलं. उकडलेली बी, सोललेला पण साल न काढलेला गर आणि प्रतवारी केलेला गर यांतला फरक तिला कुणी सांगितला नव्हता. सालीसकटचा गर तिने तयार मालात धरला. चूक जुलैत लक्षात आली, तोवर तो माल विकला गेला होता. मग नव्याने मोजणी करून, मधली खरेदी-विक्री उलटी फिरवून ३१ मार्चपर्यंत मागे जावं लागलं. हे सहा तास माझे होते, तिचे नव्हते. बाकी ८ तास शिकवण्यात गेले, ६ परीक्षण दोनदा करण्यात.

पैशांत सांगायचं तर फी १,१०,००० ठरली होती. आमचे अंतर्गत दर भागीदाराला तासाला १,५००, सीएला ७००, आर्टिकलला २५०, कार्यालयाच्या खर्चासकट. बजेटप्रमाणे खर्च ८६,४०० होता, झाला १,२२,८००. म्हणजे १२,८०० रुपये पदरचे गेले.

जादा फी मागायची कधी आणि कशी?

ज्या आठवड्यात तास वाढले त्याच आठवड्यात लेखी कळवा. सहीच्या दिवशी मागितलेली फी अशिलाला सहीची किंमत वाटते, आणि त्याचं तसं वाटणं चूक नाही.

पाया मार्चमध्ये घालावा लागतो. नेमणुकीच्या पत्राला एक यादी जोडा: कोणता कागद, कोण देणार, कोणत्या तारखेला. फी ही यादी वेळेवर मिळेल असं धरून ठरली आहे आणि न मिळाल्यास जादा वेळेबद्दल आधी बोलून वेगळं बिल होईल, हे एक वाक्य पत्रात हवंच. मग जुलैत असा मेल पुरतो: "२० जूनला येणारी बँकेची तिमाही पत्रकं आज, ९ जुलैला मिळाली. ती हिशेबाशी जुळत नाहीत. ताळमेळाला साधारण दहा तास लागतील. तो तुमच्या हिशेबनिसाने करायचा की आम्ही तपासणी वाढवायची, हे शुक्रवारपर्यंत कळवा." यात तक्रार नाही. निर्णय अशिलाच्या हाती राहतो.

आम्ही ३८ तासांपैकी २६ तासांचेच मेल केले होते. बाकीचे १२ मागायला तोंड नव्हतं. बोलणी होऊन १६,००० रुपये मिळाले. कंपनीच्या ऑडिटरची फी सर्वसाधारण सभा ठरवते किंवा सभा सांगेल त्या पद्धतीने ठरते. त्यामुळे पुढच्या वर्षीची वाढ सभेच्या आधी संचालकांपुढे ठेवायला हवी. आम्ही २०५ तासांचा नवा तक्ता समोर ठेवून १,३०,००० मागितले, १,२५,००० ठरले.

'आ' खालचे तास अशिलाला लावू नका. ते आपलेच.

हिशेब अपुरे आहेत. आमचा आर्टिकल बसून लिहून देईल, काम लवकर होईल. चालेल ना?

कंपनीच्या बाबतीत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १४४ ने ऑडिटरला त्याच कंपनीचे हिशेब लिहायला मनाई आहे. स्वतः लिहिलेलं स्वतः तपासता येत नाही, हे त्यामागचं साधं कारण. तास ओलांडण्याचं सर्वांत मोठं छुपं कारणही हेच असतं: टाइमशीटवर 'देणेकरी तपासणी' लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात आर्टिकल नोंदी करत असतो. चुका काढून यादी द्या, दुरुस्ती त्यांच्या माणसाने करावी. माणूस नसेल तर बाहेरचा हिशेबनीस त्यांना सुचवा.

मुदतवाढ मिळतेच, मग एवढी घाई कशाला?

टॅक्स ऑडिटची मुदत २०२४ मध्ये ३० सप्टेंबरवरून ७ ऑक्टोबर झाली, आणि ती जाहीर झाली २९ सप्टेंबरला. २०२५ मध्ये आधी ३१ ऑक्टोबर, मग १० नोव्हेंबर. पहिला निर्णय २५ सप्टेंबरचा. म्हणजे कळेपर्यंत सगळी धावपळ होऊनच गेलेली असते. शिवाय आयकराची मुदत वाढली म्हणून कंपनीच्या सभेची तारीख आपोआप पुढे जात नाही.

सप्टेंबर आला आणि तास संपले. काय कमी करता येईल?

किरकोळ खर्चाची व्हाउचर, मोठी भर नसलेली यंत्रसामग्री, नऊ महिन्यांच्या भेटीत तपासून झालेले भाग. हे महत्त्वपातळीखाली असतील तर तुलना करून सोडता येतात, आणि का सोडले ते फाइलमध्ये लिहावं.

साठा, येणेकऱ्यांची शिल्लक-पत्रं, संचालकांच्या नात्यातले व्यवहार आणि ३१ मार्चनंतर सहीपर्यंत घडलेल्या घटना यांना हात लावू नये. हे होत नसेल तर सही पुढे ढकला आणि अशिलाला कारणासह लेखी सांगा. पुरावा अपुरा असेल आणि थांबणंही शक्य नसेल तर अहवालात मर्यादा नोंदवून मत द्यावं लागतं. अशिलाला ते आवडत नाही, पण न तपासलेल्या साठ्याखाली स्वच्छ सही करण्याचा पर्याय आपल्यापुढे नसतोच.

फाइल घाईत झाली आहे, हे भागीदाराला कसं ओळखता येईल?

तारखा बघा. बहुतेक कागद सहीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांतले असतील, परीक्षणातले सगळे प्रश्न एकाच संध्याकाळी मिटले असतील, शिल्लक-पत्रं पाठवली पण उत्तर न आल्यावर दुसरं काही तपासलं नसेल, तर शंका घ्या. 'व्यवस्थापनाला विचारून खात्री केली' हे वाक्य फाइलमध्ये सारखं सारखं आलं तर खात्री बहुधा झालेली नाही. नमुन्याला मागच्याच वर्षीचे पुरवठादार निवडलेले असणं हीसुद्धा ठळक खूण.

आमच्या त्या फाइलवर सही झाली रविवारी, ७ सप्टेंबरला. नंतर मी ती पुन्हा उघडली तेव्हा पगाराच्या भागात अशी दोन वाक्यं सापडली. दोन्ही तपासून घेतली, काही निघालं नाही. पण ते सहीच्या आधी व्हायला हवं होतं.

सही झाल्यावर काही उरतं का?

यूडीआयएन काढायचा राहिला असेल तर तो साठ दिवसांत. फाइल जुळवून बंद करायची, तिलाही अहवालाच्या तारखेपासून साठ दिवसच. त्याच दिवसांत, लोकांना आठवतंय तोवर, अ-आ-क चा तक्ता घेऊन सगळ्यांनी तासभर बसा आणि पुढच्या वर्षीचे तास तिथेच लिहून ठेवा. जानेवारीच्या भेटीची तारीखही त्याच बैठकीत अशिलाला फोन करून पक्की करा. मार्चमध्ये फोन केलात तर तो बागेत असेल.